केसरंगाच्या दोन छटांचे मिश्रण

केसरंगाच्या दोन छटांचे मिश्रण म्हणजे एकाच उत्पादनमालिकेतील दोन छटा ठरावीक प्रमाणात एकत्र करून त्यांच्या मधली छटा तयार करण्याची पद्धत होय. ही पद्धत प्रामुख्याने कायमस्वरूपी केसरंगासाठी वापरली जाते. केसांवर दिसणारा अंतिम रंग मिश्रणाच्या पातळीवर आणि केसांच्या मूळ पातळीवर अवलंबून असतो.

## पातळी आणि क्रमांक

केसांची गडद-फिकट श्रेणी साधारणपणे १ (काळा) ते १० (अतिशय फिकट सोनेरी) अशा पातळ्यांत मोजली जाते. अनेक मालिकांमध्ये छटेच्या क्रमांकातील पहिला अंक पातळी दर्शवतो, तर बिंदूनंतरचा अंक सोनेरी, तांबूस किंवा राखाडी अशी झाक दर्शवतो. झाकेचे अंक प्रत्येक कंपनीत सारखे नसतात. तसेच क्षाराचे प्रमाण आणि डेव्हलपरशी (हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण) मिसळण्याचे प्रमाणही मालिकेनुसार बदलते. त्यामुळे मिश्रणासाठी दोन्ही छटा एकाच मालिकेतील घेतल्या जातात.

## पातळीचा अंदाज

मिश्रणाच्या पातळीचा प्राथमिक अंदाज वजनी सरासरीने बांधतात. ६.० आणि ८.० या छटा प्रत्येकी २० ग्रॅम घेतल्यास सरासरी ७ येते. ६.० ची ४० ग्रॅम आणि ८.० ची २० ग्रॅम घेतल्यास ती सुमारे ६.७ येते.

प्रत्यक्षात मिश्रण या सरासरीपेक्षा किंचित गडद होण्याकडे झुकते. गडद छटेत रंग तयार करणारी द्रव्ये फिकट छटेपेक्षा बरीच जास्त असतात आणि मिसळताना सरासरी होते ती या द्रव्यांची, क्रमांकांची नव्हे. उदाहरणादाखल, प्रत्येक पातळीला द्रव्याचे प्रमाण निम्मे होते असे मानू. मग ८ मध्ये १ भाग, ७ मध्ये २ भाग आणि ६ मध्ये ४ भाग द्रव्य असेल. ६ आणि ८ च्या समभाग मिश्रणात अडीच भाग द्रव्य येते, म्हणजे ते ७ पेक्षा थोडे गडद ठरते. याच गृहीतकानुसार ५ आणि ९ यांच्या समभाग मिश्रणाची पातळी ७ ऐवजी सुमारे ६ येते.

म्हणून दोन छटांतील अंतर दोन पातळ्यांपेक्षा जास्त नसेल तेव्हाच साध्या सरासरीवर विसंबता येते. अंतर वाढल्यास फिकट छटेचा वाटा वाढवावा लागतो. अतिफिकट छटांसाठी (बहुधा ११ आणि १२ या मालिका) डेव्हलपरचे प्रमाण वेगळे असल्याने त्यांना ही सरासरी लागू पडत नाही.

## कृती

दोन्ही छटा वजनकाट्यावर मोजून धातूविरहित वाडग्यात एकजीव करतात व त्यानंतर डेव्हलपर घालतात. डेव्हलपरचे प्रमाण एकूण रंगाच्या वजनावर काढले जाते. मालिकेचे प्रमाण १ : १.५ असल्यास २० + २० ग्रॅम रंगासाठी ६० ग्रॅम डेव्हलपर लागतो. डेव्हलपर मिसळताच रासायनिक क्रिया सुरू होते, त्यामुळे मिश्रण लगेच वापरावे लागते व उरलेले साठवून ठेवता येत नाही.

## केसांवरील अंतिम पातळी

वाडग्यातील मिश्रण पातळी ७ चे असले, तरी केस ७ पातळीचे होतीलच असे नाही. ६% डेव्हलपर न रंगवलेल्या केसांना साधारणपणे एक ते दोन पातळ्या उजळतो. मूळ पातळी ५ असल्यास परिणाम ६ ते ७ च्या दरम्यान येतो आणि उघड्या पडलेल्या नैसर्गिक रंगद्रव्यामुळे त्यात नारिंगी ऊब दिसते. भारतीय केसांची पातळी बहुधा १ ते ३ असते. पातळी २ च्या केसांवर हेच मिश्रण ३ किंवा ४ पर्यंतच पोहोचते आणि उन्हात केवळ तांबूस चमक जाणवते.

पिकलेल्या केसांत उजळवण्याजोगे रंगद्रव्य नसल्याने त्यांवर मिश्रणाचा स्वतःचा रंग उमटतो. परिणामी एकाच डोक्यावर काळे केस ४ पातळीचे व पांढरे केस ७ पातळीचे दिसू शकतात. अशा वेळी मिश्रणाची पातळी काळ्या केसांच्या अपेक्षित पातळीजवळ आणावी लागते. आधी रंगवलेल्या केसांवरील कृत्रिम रंग नव्या रंगाने उजळत नाही, म्हणून तिथेही अंदाज चुकतो.

## चाचणी

अंदाजाची खात्री एका बटेवर चाचणी घेऊन करतात. आतल्या भागातील पातळ बटेला मिश्रण लावून पूर्ण वेळ ठेवतात, मग ती धुऊन कोरडी करून उजेडात पाहतात, कारण ओले केस गडद दिसतात. बट अपेक्षेपेक्षा गडद आल्यास मिश्रणात फिकट छटेचा वाटा वाढवतात. मात्र ती उजळलीच नसेल, तर मर्यादा केसांच्या मूळ पातळीची असते आणि मिश्रणाचे प्रमाण बदलून ती ओलांडता येत नाही. पॅरा-फिनिलिनडायअमाइनसारख्या घटकांची ॲलर्जी होऊ शकत असल्याने त्वचेवरील चाचणी सुमारे ४८ तास आधी स्वतंत्रपणे घेतली जाते.