एक बटण, एक दिवा आणि दोन बिटांची शर्यत

टेबललॅम्पवर एकच बटण असतं. दाबलं की दिवा लागतो, बोट काढलं तरी लागलेलाच राहतो. पुन्हा दाबलं की विझतो. आत बहुधा एखादी यांत्रिक खिटी असते, पण तेच काम इलेक्ट्रॉनिक गेट्सकडून करून घ्यायचं ठरवलं, तर सर्किटला लक्षात ठेवावं लागतं की मागच्या खेपेला दिवा लागला होता की विझला होता. संगणकात अशा आठवणी क्लॉकच्या ठोक्यावर बदलतात. ठोका पडेपर्यंत सगळे सिग्नल स्थिरावलेले असतात, त्यामुळे कोण आधी पोहोचलं याला महत्त्व नसतं. आपल्या दिव्याला क्लॉक नाही. बोट पडेल तेव्हा त्याने हलायचं. अशा सर्किटला असिंक्रोनस म्हणतात.

त्याची आठवण राहते ती उलट फिरवलेल्या वायरींमध्ये. गेट्समधून बाहेर पडलेला सिग्नल पुन्हा त्याच गेट्सच्या तोंडाशी आणला, की सर्किट स्वतःला धरून ठेवू शकतं. आपल्या सर्किटात अशा दोन वायरी आहेत; त्यांना डावा बिट आणि उजवा बिट म्हणू. दोन बिटांच्या चार जोड्या होतात, म्हणजे चार स्थिती. ‘अ’मध्ये बटण सुटलेलं आणि दिवा बंद. ‘ब’मध्ये बटण दाबलेलं, दिवा चालू. ‘क’मध्ये बटण सुटलं, दिवा मात्र चालूच. ‘ड’मध्ये बटण पुन्हा दाबलेलं, दिवा बंद. तिथून बटण सोडलं की परत ‘अ’.

समजा, कुणीतरी या चार स्थितींना सरळ मोजणीच्या क्रमाने ००, ०१, १०, ११ असे आकडे देऊन सर्किट जोडलं आणि ते तपासायला आपल्यासमोर ठेवलं. तपासणाऱ्याची पहिली युक्ती म्हणजे त्या दोन उलट वायरी मनातल्या मनात तोडायच्या. मग प्रत्येक जोडीसाठी आणि बटणाच्या दोन्ही अवस्थांसाठी विचारायचं, की गेट्स आता कोणती नवी जोडी मागताहेत? आठ प्रश्न, आठ उत्तरं. त्यांचा तक्ता म्हणजे फ्लो टेबल. ही पद्धत डेव्हिड हफमन यांनी १९५४ साली मांडली. माहिती कमी जागेत बसवणाऱ्या ‘हफमन कोड’चे जनक तेच.

```
स्थिती     बटण सुटलं    बटण दाबलं
अ  ००       (००)          ०१
ब  ०१        १०          (०१)
क  १०       (१०)          ११
ड  ११        ००          (११)
```

सर्किट ज्या जोडीत आहे तीच जोडी गेट्स मागत असतील, तर ती जागा स्थिर. तिला कंस केला आहे. बाकीच्या जागांवर सर्किट थांबत नाही, पुढे निघतं. बटण दाबलं की रांग तीच राहते आणि स्तंभ बदलतो. मग त्या जागी लिहिलेल्या जोडीची रांग शोधायची, कंस भेटेपर्यंत. तक्ता वाचायचा तो एवढाच.

आता ‘ब’ची रांग पाहा. दिवा नुकताच लागला आहे आणि बोट निघतं. ०१ वरून १० वर जायचं आहे, म्हणजे दोन्ही बिट बदलायचे आहेत. कागदावर ते एका दमात बदलतात, प्रत्यक्षात कधीच नाही. जुन्या टीटीएल चिपमधलं एक गेट उत्तर द्यायला सुमारे १० नॅनोसेकंद घेतं, आणि दोन बिटांच्या वाटेवर गेट्सची संख्या सारखी नसते. इथून शर्यत सुरू होते.

उजवा बिट आधी शून्य झाला, तर मधल्या क्षणी जोडी ००. बटण सुटलेल्या स्तंभात ०० ला कंस आहे, म्हणून सर्किट तिथेच बसतं आणि दिवा विझतो. डावा आधी एक झाला, तर जोडी ११, आणि ती मागते ००. पुन्हा दोन्ही बिट बदलायचे, पुन्हा शर्यत. कोण जिंकतं यावर सर्किट कुठे थांबणार हे ठरत असेल, तर ती क्रिटिकल रेस. कुणीही जिंकून शेवट एकाच जागी होत असेल, तर शर्यत निरुपद्रवी. म्हणून प्रत्येक स्तंभातले कंस आधी मोजावेत. जिथे एकच कंस आहे आणि मधल्या सगळ्या वाटा त्याच्याकडेच जातात, तिथे शर्यतीची काळजी नको. आपल्या पहिल्या स्तंभात दोन कंस आहेत.

या सर्किटात कोण जिंकेल, याचाही अंदाज बांधता येतो. तक्त्यातला उजवा बिट नीट पाहिला, तर तो म्हणजे निव्वळ बटणच आहे: दाबलं की एक, सोडलं की शून्य. त्याला वाटेत जवळजवळ गेटच नाही. डाव्याला मात्र दोन्ही बिटांची तुलना करणाऱ्या गेटमधून जावं लागतं. साहजिकच उजवा जिंकतो आणि दिवा फक्त बोट टेकलेलं असेपर्यंत लागतो, दारावरच्या घंटीसारखा. उजव्या वायरीवर कपॅसिटर लावून त्याला मागे खेचण्याचा मोह होतो, पण दुखणं त्याने वाढतं. उजवा बिट रेंगाळतो तोवर डावा एक, शून्य, एक, शून्य असा नाचत राहतो, आणि उजवा पडेल त्या क्षणी डावा जिथे असेल तिथे सर्किट गोठतं. दिवा कधी राहतो, कधी विझतो. असा दोष टेबलवर सापडणं फार अवघड. फ्लो टेबलमध्ये तो दोन मिनिटांत दिसतो.

उपाय गेट्समध्ये नाही, स्थितींना दिलेल्या आकड्यांत आहे. अ, ब, क, ड आणि परत अ, असं चार टप्प्यांचं हे वर्तुळ आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ००, ०१, ११, १० लिहिले, तर प्रत्येक बाजूवर एकच बिट बदलतो. ‘क’ला ११ आणि ‘ड’ला १० दिलं की काम झालं. एका वेळी एकच बिट हलणार, तर शर्यत कुणाची कुणाशी? शिवाय नव्या मांडणीत दिवा म्हणजे थेट उजवा बिट. वेगळं गेट लागत नाही. x म्हणजे बटण, y1 डावा बिट, y2 उजवा बिट आणि ' म्हणजे उलट सिग्नल, असं धरून नवं सर्किट असं:

```
Y1 = x'·y2 + x·y1  + y1·y2
Y2 = x'·y2 + x·y1' + y1'·y2
```

प्रत्येक ओळीतलं शेवटचं पद तर्काने पाहिलं तर फाजील आहे. तरी ते ठेवावं. बटण बदलताना आधीच्या दोन पदांपैकी एक सोडतं आणि दुसरं पकडतं; मधल्या फटीत बिट क्षणभर पडू नये, म्हणून तिसरं.

दर वेळी इतकं सोपं नसतं. तीन स्थितींना एकमेकींकडे थेट जायचं असेल, तर दोन बिटांत ते बसत नाही, आणि बिट वाढवूनही नाही. एकेक बिट बदलत तीन पावलांत मूळ जागी येताच येत नाही. मग चौथी, क्षणभराची पाहुणी स्थिती घालून एक प्रवास तिच्यातून वळवतात. वेळ थोडा जास्त जातो, शर्यत टळते.

शर्यत गेली तरी एक धोका राहतो. बटणाचा उलट सिग्नल, म्हणजे x', फार उशिरा बदलला, तर पहिल्याच दाबाला उजवा बिट एक होतो, शिळ्या x' मुळे डावाही एक होतो आणि सर्किट ‘ब’ ओलांडून ‘ड’मध्ये जाऊन बसतं. दिवा लुकलुकून विझतो. स्टीफन उंगर यांनी १९५९ साली याची खूण दाखवून दिली: एका स्थितीतून इनपुट एकदा बदलून आणि तीनदा बदलून पाहायचं, पोहोचण्याची ठिकाणं वेगळी निघाली, तर हा धोका आहे. ‘अ’पासून एकदा बदललं की ‘ब’, तीनदा बदललं की ‘ड’. आकडे कसेही वाटले तरी हा धोका जात नाही. उलट वायरींमध्ये मुद्दाम थोडा विलंब ठेवावा लागतो.

हे सर्किट ब्रेडबोर्डवर जोडून पाहणाऱ्यांनी साधं पुश-बटण थेट लावू नये. त्याचे धातूचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद उसळतात, आणि नॅनोसेकंदात हलणारं सर्किट त्यातली प्रत्येक उसळी वेगळा दाब म्हणून मोजतं. दोन बाजूंचे संपर्क असलेला स्विच घ्यावा आणि मध्ये एक एसआर लॅच बसवावा.