तुंबलेल्या पाण्यातून चालताना: सँडल की बंद बूट?

मुंबईत मोठी सर आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की दादरच्या हिंदमाता परिसरात पाणी साचते. तेथील कापडबाजारात दुकान असलेल्या व्यापाऱ्याला अशा दिवशी स्थानकापासून पेढीपर्यंत पाण्यातूनच जावे लागते. त्याने पायात काय घालावे, याचा निर्णय दोन गोष्टींवर अवलंबून असतो: पाणी किती खोल आहे आणि पायाची त्वचा अखंड आहे की नाही.

बंद बूट पाणी अडवतो, हा समज पाणी घोट्याच्या खाली असेपर्यंतच खरा ठरतो. ते घोट्यावर चढले की वरच्या उघड्या भागातून आत शिरते आणि मग बुटातच साठून राहते. आतले अस्तर, फोम व मोजे ते शोषून घेतात. दहा मिनिटांच्या चालण्यानंतर पाऊल दुकानात दिवसभर ओलेच राहते. कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात.

सँडलमधून पाणी आले तसे निघून जाते. रबरी अथवा ईव्हीएचा तळ आणि नायलॉनचे पट्टे लवकर सुकतात. चामडे टाळणाऱ्या कुटुंबांनाही ते सोयीचे. मात्र टाचेमागे पट्टा हवाच. साधी चप्पल पाण्याच्या ओढीने निसटते आणि पाऊल अनवाणी पडते. बोटांपुढे जाड रबरी कड असलेली सँडल अधिक चांगली, कारण गढूळ पाण्याखालचा दगड, काच वा पत्रा दिसत नाही. खरेदी करताना पट्ट्याखाली जाड फोम नाही ना, हे दाबून पाहावे. फोम असला तर सँडलही बुटाइतकीच ओली राहते.

सँडलची खरी मर्यादा जखमेच्या वेळी कळते. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू फाटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणून भेगा, खरचटणे किंवा चिखल्या असतील तर सँडल नको. मधुमेहींनी तर जखम नसतानाही ती टाळावी, कारण बधिर पायाला काच लागल्याचे कळत नाही. अशांनी गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट घालावेत. पाणी त्यांच्या काठावर जाणार असेल, तर तेही भरून जड होतात; तेव्हा दुकान उशिरा उघडणेच शहाणपणाचे. उघडे मॅनहोल तर कोणत्याच पादत्राणाला चुकवता येत नाही.

त्वचा अखंड असलेल्या व्यापाऱ्याने मागे पट्टा असलेली सँडल घालून जावे आणि कोरडे बूट-मोजे प्लास्टिकच्या पिशवीत न्यावेत. पेढीवर पोहोचताच पाय साबणाने धुऊन, बेचक्या पुसून मगच बूट चढवावेत. पाण्यात जखम झाली असेल, तर तापाची वाट न पाहता चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. प्रतिबंधक औषध त्याच मुदतीत द्यायचे असते.