‘राहून गेलं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

गिरगावातल्या एका चाळीत दोन मुली वाढल्या. एक मराठी शाळेत जायची, तर समोरच्या खोलीतली गोवेकर ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी कॉन्व्हेंटमध्ये. तिला मराठी बोलता यायचं, कळायचं. वाचायची मात्र कधी वेळ आली नाही. पुढे ती लग्न होऊन टोरंटोला गेली. सुरुवातीला पत्रं, मग नुसती नाताळची कार्डं आणि नंतर काहीच नाही. आज वीस वर्षांनी ठाण्यातल्या मैत्रिणीला तिच्या वाढदिवसाला दोन शब्द पाठवायचे आहेत. मनात येतं ते मराठीत आणि वाचलं जाणार आहे ते इंग्रजीत.

या दोघी नमुन्यासाठी कल्पिलेल्या आहेत, पण असा संदेश लिहिताना जी अडचण येते ती अगदी खरी. मराठीतला मजकूर असा आहे असं धरू:

‘अगं, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! आज तुला साठावं लागलं. पहाटे जाग आली ती तुझ्या आठवणीनेच. आपण गच्चीवर बसून लिमलेटच्या गोळ्या खायचो, तुझ्या वाढदिवसाला आई तुला पाटावर बसवून ओवाळायची, सगळं डोळ्यांपुढे आलं. मधे पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं. आंटी गेल्या तेव्हा तुला दोन ओळी लिहायच्या राहून गेल्या, आणि मग राहूनच गेलं. आम्ही आता ठाण्याला असतो. बरी आहेस ना?’

सात-आठ वाक्यं, एकही अवघड शब्द नाही. तरीही शब्दाला शब्द ठेवून याचं इंग्रजी केलं, तर टोरंटोत जे पोचेल ते ठाण्याहून निघालेलं नसेल.

पहिली ठेच वयालाच लागते. ‘साठावं लागलं’ म्हणजे एकोणसाठ पूर्ण झाली आणि साठावं वर्ष सुरू झालं. इंग्रजीत मात्र ‘टर्निंग सिक्स्टी’ म्हणजे साठ पूर्ण होणं. ‘साठ’ हा आकडा दिसला म्हणून ‘सिक्स्टी’ लिहिलं, तर मैत्रीण एका झटक्यात वर्षाने मोठी होते. वीस वर्षांनी बोलणाऱ्या माणसाने वय चुकवणं म्हणजे आपल्याला नीट आठवत नाही याची कबुलीच. इथे ‘फिफ्टी-नाइन’ हेच बरोबर.

पुढचा शब्द ‘आपण’. मराठीत ‘आपण’मध्ये ऐकणारा असतो, ‘आम्ही’मध्ये नसतो. ‘आपण गच्चीवर बसायचो’ म्हणजे तू आणि मी. ‘आम्ही ठाण्याला असतो’ म्हणजे मी आणि माझ्या घरचे. इंग्रजीकडे दोन्हींसाठी एकच ‘वी’ आहे. एकाच परिच्छेदात हा ‘वी’ दोनदा आला की वाचणारी अडखळते: गच्चीवर कोण होतं, चाळीतली सगळी पोरं की आपण दोघीच? म्हणून पहिल्या जागी ‘द टू ऑफ अस’ आणि दुसऱ्या जागी ‘माय हजबंड अँड आय’ असं उलगडून लिहावं लागतं. इंग्रजी वाक्य थोडं लांबतं, पण मराठीत ‘आपण’ या एका शब्दाने जी दोघींची जोडी बांधली होती, ती शाबूत राहते.

‘ओवाळणं’ या शब्दाला इंग्रजीत जोड नाही. इथे मात्र वाचणारी स्वतःच त्या पाटावर बसलेली होती. निरांजन, सुपारी, आईच्या बोटातली अंगठी, कपाळावरचं कुंकू हे सगळं तिने पाहिलेलं आहे. तिला विधीचा अर्थ सांगायची गरज नाही. चित्र दाखवलं की पुरे. ‘आई तुला बसवून चेहऱ्याभोवती दिवा फिरवायची’ एवढंच इंग्रजीत आणलं, की बाकीचं तिचं तिला आठवेल. संदेश तिच्या मुलांसाठी असता तर आणखी एक वाक्य लागलं असतं. ‘आंटी’ हा शब्दही तसाच ठेवायचा, कारण चाळीत त्या बाईंना सगळे आंटीच म्हणत. ‘गेल्या’ मात्र तसं ठेवता येत नाही. मराठीत माणूस ‘गेला’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही; इंग्रजीत नुसतं ‘वेंट’ म्हटलं तर कुठे गेल्या असा प्रश्न उरतो. तिथे साधं, सरळ ‘डाइड’ हवं.

‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं’ हे वाक्य फसवं आहे, कारण त्याचं जुळं भावंड इंग्रजीत सापडतं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच की मधल्या काळात खूप काही घडलं. इंग्रजीतही पाणी आणि पूल त्या अर्थाने येतात, पण ‘वॉटर अंडर द ब्रिज’ एवढे शब्द कानावर पडले की बहुतेकांना दुसराच अर्थ आधी ऐकू येतो: झालं गेलं विसरून जाऊ, आता तो विषय नको. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने हे म्हटलं तर तो मोठेपणा ठरतो. ज्याच्याकडून चूक झाली, त्यानेच म्हटलं तर तो स्वतःच स्वतःला माफ करून मोकळा होतो. आंटी गेल्यावर गप्प राहिलेली बाई हे वाक्य लिहिणार असेल, तर ते इंग्रजीतून गाळलेलं बरं. वीस वर्षं गेली हे दोघींनाही ठाऊक आहे.

आता या संदेशाची खरी गाठ: ‘दोन ओळी लिहायच्या राहून गेल्या.’

हे वाक्य जरा जवळून बघू. लिहिणार होती कोण? मी. पण वाक्यात ‘मी’ कुठेच नाही. क्रियापद जुळतं ते ओळींशी: ओळी राहून गेल्या. जणू त्या ओळीच गाडीत चढायच्या विसरल्या. मराठीत अशी वाक्यं आपण दिवसभर बोलतो. फोन करायचा राहिला, कप फुटला, निरोप द्यायचा राहून गेला. यात लपवाछपवी नसते. ऐकणाऱ्याला कर्ता कोण ते कळतं आणि बोलणाऱ्याची हळहळही कळते. ‘मग राहूनच गेलं’ मधला तो ‘च’ तर सगळं सांगून जातो: आधी उशीर झाला, मग उशिराची लाज वाटली, आणि त्या लाजेने आणखी उशीर झाला.

इंग्रजी वाक्याला बहुतेक वेळा कर्ता लागतो. तो टाळायचा म्हटलं तर ‘द लेटर नेव्हर गॉट रिटन’ असं लिहिता येतं. व्याकरणात ते बसतं, पण कानाला ते कचेरीतल्या खुलाशासारखं लागतं, जबाबदारी झटकल्यासारखं. म्हणजे जे वाक्य मराठीत हळवं होतं, तेच इंग्रजीत कोडगं होतं.

दुसरी वाट ‘वी लॉस्ट टच’ची. पत्रं दोन्हीकडून हळूहळू थांबली असतील, तर हे खरं आहे आणि चालेलही. इथे मात्र आंटी गेल्याची बातमी ठाण्यात पोचली होती आणि दोन ओळींची वाट पाहणारी एकटी टोरंटोतली होती. ‘वी’ म्हटलं की गप्प राहण्याचा अर्धा वाटा तिच्या पदरात पडतो. तिसरी वाट ‘आय कुडन्ट राइट’ची. त्यावर प्रश्न येणारच, का जमलं नाही? हात मोडला होता की पत्ता हरवला होता? खरं कारण असेल तर ते सांगावं, नसेल तर ‘कुडन्ट’ हा शब्द वापरू नये.

उरतं ते ‘आय डिड नॉट राइट टू यू’. मराठीत ‘मी तुला लिहिलं नाही’ हे वाक्य कोरडं, जवळजवळ उर्मट वाटेल. इंग्रजीत त्यापाठोपाठ ‘आय शुड हॅव’ आणि ‘आय ॲम सॉरी’ आलं की तेच सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत मऊ ठरतं. चाळीतल्या मैत्रिणी एकमेकींना ‘माफ कर’ असं औपचारिकपणे म्हणत नाहीत. ते ‘राहूनच गेलं’ मधून पोचतं. इंग्रजीत ते उघड म्हणावं लागतं. म्हणून मराठीत नसलेली ही दोन छोटी वाक्यं इंग्रजीत घालणं हा अनुवादकाचा आगाऊपणा नव्हे, ती मूळ वाक्यातलीच आहेत.

शेवटी ‘बरी आहेस ना?’ यातल्या ‘ना’मध्ये काळजी आहे आणि ‘हो’ ऐकायची आस आहे. ‘हाउ आर यू’ हे इंग्रजीत नुसतं येता-जाता विचारलेलं असतं. ‘आय होप लाइफ हॅज बीन काइंड टू यू’ हे शब्दांनी दूर, पण अर्थाने ‘ना’च्या जवळ आहे.

हे सगळं जमेला धरून इंग्रजी संदेश साधारण असा होतो:

‘हॅपी बर्थडे, माय डिअर. फिफ्टी-नाइन टुडे! आय वोक अप थिंकिंग ऑफ यू, ऑफ द टू ऑफ अस ऑन द टेरेस विथ अवर लिमलेट्स, अँड ऑफ माय मदर सीटिंग यू डाउन अँड सर्कलिंग द लॅम्प अराउंड युअर फेस. व्हेन आंटी डाइड, आय डिड नॉट राइट टू यू. आय शुड हॅव. आय ॲम सॉरी. माय हजबंड अँड आय लिव्ह इन ठाणे नाउ. आय होप लाइफ हॅज बीन काइंड टू यू.’

तो पाठवण्याआधी एक तपासणी करून घ्यावी. मूळ मराठी बाजूला ठेवून इंग्रजीचं परत मराठी करायचं आणि तीनच गोष्टी बघायच्या: वय तेच आलं का, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे राहिले का, आणि लिहिलं कोणी नाही ते कळतं का. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं, तर चूक इंग्रजीत आहे.

इतकं होऊनही बोट ‘सेंड’वर थांबतं. लारा ॲक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं आणि 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुरावलेल्या मित्राशी बोलायची इच्छा होती, त्याचा ठावठिकाणा हाताशी होता, संदेश लिहायला वेळही दिला होता. तरी जेमतेम एक तृतीयांश लोकांनी तो पाठवला. जुन्या मित्राशी संपर्क साधायची त्यांची तयारी अनोळखी माणसाशी बोलायच्या तयारीपेक्षा जास्त नव्हती. ज्यांनी आधी काही मिनिटं रोजच्या मित्रांना संदेश पाठवले, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी मात्र पुढचं पाऊल टाकलं. त्याआधी, 2022 मध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं होतं की, अचानक आलेली विचारपूस समोरच्याला किती भावते याचा अंदाज पाठवणारा कमीच करतो, आणि ती जितकी अनपेक्षित असेल तितकी अधिक भावते.

राहिली वेळ. वाढदिवस जुलैमधला असेल, तर टोरंटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. ठाण्यातून सकाळी आठला पाठवलेला संदेश तिथे आदल्या रात्री साडेदहाला पोचेल. संध्याकाळी पाच वाजता पाठवला, तर तिकडे वाढदिवसाच्या सकाळचे साडेसात वाजलेले असतील.