शंभरजवळच्या संख्यांची बेरीज: फक्त फरक मोजा

97, 98, 104, 96 आणि 103 यांची बेरीज करताना हातचे धरण्यात वेळ जातो. त्याऐवजी प्रत्येक संख्या शंभरापासून किती दूर आहे तेवढेच पाहावे: −3, −2, +4, −4, +3. तीनला तीन आणि चारला चार कटतात, उरतात −2. संख्या पाच, म्हणून 500 मधून 2 वजा, उत्तर 498. मोठे आकडे डोक्यात धरावेच लागत नाहीत, हा यातला खरा फायदा. चूक होते ती बहुधा शंभराचा आधार एकदाच धरल्याने किंवा 104 चा फरक वजा घेतल्याने. पहिली चूक लगेच उघडी पडते, कारण पाच संख्यांचे उत्तर पाचशेच्या आसपासच हवे. दुसरीत मात्र उत्तर 490 येते आणि ते पटण्याजोगे दिसते, म्हणून चिन्हे पुन्हा तपासावीत.

ही पद्धत ‘वैदिक गणित’ म्हणून सांगितली की ‘ही तर साधी बीजगणिताची युक्ती, यात वैदिक काय?’ असा आक्षेप येतो, आणि तो रास्तच आहे. भारती कृष्ण तीर्थांच्या 1965 साली छापलेल्या वैदिक गणिताच्या पुस्तकातली सूत्रे उपलब्ध वैदिक ग्रंथांत सापडत नाहीत. पण पद्धत बरोबर ठरते ती बीजगणितामुळेच, नावामुळे नव्हे. 63 आणि 141 सारख्या संख्यांना मात्र ती लावू नये. −37 आणि +41 सांभाळण्यापेक्षा सरळ बेरीज सोपी.