फ्लोराइड आणि दंतवल्क : रक्षण कोठे, दोष कोठे

फ्लोराइडचा विषय निघाला की आपल्या व्यवसायबंधूंत दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते ते दातांचे अमृत आहे, तर काहींच्या मते शुद्ध विष. आमच्या मते हा वाद एका प्रश्नापाशी सुटतो. फ्लोराइड दाताला बाहेरून भेटते की रक्तातून, आणि रक्तातून भेटत असल्यास दाताच्या कोणत्या वयात?

दाताचे सर्वांत बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल, अर्थात दंतवल्क. त्याचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. या स्फटिकांना हायड्रॉक्सिअॅपेटाइट म्हणतात. गोड खाल्ल्यावर दातावरील किटणातले जंतू आम्ल तयार करतात, आणि त्या ठिकाणचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की स्फटिक विरघळू लागतात. पुढे लाळ ते आम्ल निवळवते व गेलेली खनिजे काही अंशी परत बसतात. झीज आणि भरण यांचा हा खेळ दिवसातून अनेकदा चालतो. झीज सतत वरचढ ठरली तर दात किडतो.

फ्लोराइडचे काम येथे आहे. लाळेत व किटणात ते अगदी अल्प प्रमाणात जरी हजर असले, तरी स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याचे विरघळणे मंदावते आणि खनिजे परत बसण्याचा वेग वाढवते. नव्याने बसणारा थर फ्लोरअॅपेटाइटसारखा असतो. तो विरघळण्यास पीएच सुमारे ४.५ पर्यंत उतरावा लागतो. दात घासल्यावर पृष्ठभागावर कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कणही साठतात व आम्ल वाढले की त्यांतून फ्लोराइड मोकळे होते. हे सर्व दात उगवल्यानंतर, बाहेरून घडते.

पूर्वीची समजूत वेगळी होती. बालपणी पोटात गेलेले फ्लोराइड घडणाऱ्या दातात मुरते आणि दात जन्मभर बळकट राहतो, असे मानले जाई. गोळ्या व थेंब देण्याची पद्धत त्यातूनच आली. परंतु शार्क माशाच्या दाताचे आवरण जवळजवळ शुद्ध फ्लोरअॅपेटाइटचे असूनही, त्याचे तुकडे माणसाच्या तोंडात बसवून वर किटण साचू दिले असता तेही झिजले, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. म्हणजे स्फटिकात मुरलेल्या फ्लोराइडपेक्षा तोंडात रोज हजर असणारे फ्लोराइड अधिक उपयोगी. पाण्यातील फ्लोराइडचा लाभही बहुतांशी पाणी दातांवरून जाताना व लाळेतून मिळतो, असे आता मानले जाते.

दोष मात्र रक्तमार्गेच होतो. हिरडीखाली दाताचा मुकुट घडत असताना दंतवल्क प्रथम प्रथिनांच्या साच्यात तयार होते, मग ती प्रथिने काढून घेतली जातात व त्या जागी खनिज भरते. या पक्वतेच्या काळात रक्तात फ्लोराइड अधिक असेल तर प्रथिने वेळेवर निघत नाहीत आणि पृष्ठभागाखालचे दंतवल्क सच्छिद्र राहते. हाच दंत-फ्लोरोसिस. वरच्या मधल्या पटाशीच्या दातांना वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वाधिक धोका असतो. अक्कलदाढ वगळता इतर दातांचे मुकुट साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून होतात व त्यानंतर हा दोष उत्पन्न होत नाही.

एक उदाहरण घेऊ. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत खोल कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. समजा, एका वाडीच्या पाण्यात ते लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ ही अखेरची मर्यादा. दोन वर्षांच्या १० किलो वजनाच्या बालकाच्या पोटात पिण्यातून व पेज-वरणातून १ लिटर पाणी गेले, तर ३ मिलिग्रॅम फ्लोराइड गेले. किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारणपणे मानलेली वरची सीमा. या बालकासाठी ती १ मिलिग्रॅम होते. म्हणजे तिप्पट.

हेच बालक नऊ वर्षांचे होऊन आपल्याकडे येते. पुढचे दात खडूसारखे पांढरे, त्यांवर तपकिरी डाग. त्याची आई लग्न होऊन या वाडीत आली, दहा वर्षे तेच पाणी पिते, पण तिचे दात स्वच्छ आहेत. यावरून पाण्याला निर्दोष ठरवू नये. आईचे दात माहेरीच घडून झाले होते. तिला सांध्यांचा ताठरपणा वा पाठदुखी असेल, तर अस्थिगत फ्लोरोसिसचा विचार करावाच लागेल.

दोषाची श्रेणी ठरवण्यासाठी अमेरिकेतील डॉ. ट्रेंडली डीन यांची १९४२ ची सुधारित पद्धत आजही वापरतात. दंतवल्क निर्दोष असल्यास सामान्य. क्वचित पांढरे ठिपके असल्यास संशयित. कागदासारखे पांढरे भाग पृष्ठभागाच्या चतुर्थांशापर्यंत असल्यास अतिसौम्य, निम्म्यापर्यंत असल्यास सौम्य. सर्व पृष्ठभाग व्यापून चावण्याच्या कडा झिजलेल्या, बहुधा तपकिरी डागही असल्यास मध्यम. आणि खड्डे पडून दात कुरतडल्यासारखे दिसल्यास तीव्र. सर्वाधिक दूषित अशा दोन दातांवरून निर्णय करतात, आणि ते दोन सारखे नसतील तर कमी दूषित दाताची श्रेणी धरतात. आपल्या बालकाच्या उजव्या मधल्या दातावर खड्डे आहेत, डाव्या व इतर दातांवर नाहीत. म्हणून श्रेणी मध्यम.

तपकिरी रंग मुळातला नव्हे. दात खडूसारखा पांढरा उगवतो, मग सच्छिद्र भागात बाहेरचे रंग शिरतात. फ्लोरोसिस दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखाच आढळतो व दात पुसून कोरडा केल्यास पट्टे अधिक उठून दिसतात. एकाच दातावर डाग असेल तर दुधाच्या दाताचा पूर्वीचा पू किंवा मार आठवून पाहावा. हिरडीलगतचा पांढरा डाग बहुधा किडीचा आरंभ असतो. सुश्रुतांच्या श्यावदन्तकाशी फ्लोरोसिसची सांगड घालण्याचा मोह काहींना होतो. आम्हाला ते पटत नाही. तेथील हेतू व संप्राप्ती वेगळी आहे.

अशा भागातील वैद्यांसाठी क्वाथाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उकळल्याने फ्लोराइड उडून जात नाही, पाणी मात्र आटते. १० ग्रॅम भरड सोळापट, म्हणजे १६० मिलिलिटर पाण्यात उकळून अष्टमांश उरवली, तर त्या २० मिलिलिटर काढ्यात बहुतेक १६० मिलिलिटर पाण्यातले फ्लोराइड येऊ शकते. ३ मिलिग्रॅमच्या पाण्यात ते ०.४८ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या बालकाच्या दिवसाच्या सीमेचे जवळजवळ निम्मे. बालकासाठी काढा करताना पाणी पावसाचे किंवा तपासलेल्या विहिरीचे घ्यावे. साध्या कँडल फिल्टरने फ्लोराइड निघत नाही. तुरटी व चुन्याची मात्रा मोजून वापरणारी नालगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली आहे. पाण्यात तुरटीचा खडा फिरवणे म्हणजे ती पद्धत नव्हे.

टूथपेस्टचा हिशेबही असाच आहे. १००० पीपीएमच्या पेस्टमध्ये ग्रॅममागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. तांदळाच्या दाण्याएवढ्या, सुमारे ०.१ ग्रॅम पेस्टमध्ये ०.१ मिलिग्रॅम, पण ब्रश भरून घेतलेली सुमारे १ ग्रॅम पेस्ट बालकाने गिळली तर दिवसाची सीमा तेथेच संपली. तीन वर्षांखाली दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी द्यावी आणि थुंकायला शिकवावे. मोठ्या माणसांना मात्र पाण्यात फ्लोराइड जास्त आहे म्हणून फ्लोराइडची पेस्ट बंद करण्याचे कारण नाही, कारण ती थुंकली जाते.

झालेला डाग कवल-गंडूषाने जात नाही. लिंबू, मीठ, कोळसा घासण्याचे घरगुती उपाय सच्छिद्र दंतवल्क आणखी झिजवतात. खरखरीत दंतमंजनाचेही तेच. दुकानदार बंधूंनी अशा ग्राहकाला मऊ मंजन द्यावे. सौम्य डाग दंतवैद्य वरचा पातळ थर घासून कमी करतात, तीव्र दोषात दातावर आवरण बसवावे लागते. त्याच घरात दोन वर्षांचे दुसरे मूल असेल, तर पाण्याचा नमुना आधी त्याच्यासाठी तपासायला पाठवावा.