दोन आठवड्यांची संभ्रमावस्था

मूल व्हावे म्हणून आतुर झालेल्या स्त्रीला पाळीपूर्वीचे दोन आठवडे फार लांब वाटतात. स्तन जड होतात, पोट फुगते, थकवा येतो. ही गर्भाची चाहूल की येऊ घातलेल्या पाळीची, हे तिला उमगत नाही. न उमगण्यात तिचा दोष नाही. दोन्हींचे कारण एकच असते.

स्त्रीबीज बाहेर पडले की बीजकोशात त्याच्या जागी एक पिवळसर ग्रंथी तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन नावाचा स्राव निर्माण करते. या स्रावाने गर्भाशयाचे अस्तर गर्भ धरण्यास योग्य होते, शरीराची उष्णताही सुमारे अर्धा अंश फॅरनहाइटने वाढते. वरील लक्षणेही बहुतांशी त्याचीच. गर्भ राहिलेला असो वा नसो, पीतपिंड आपले काम सारखेच करीत राहतो. म्हणून पहिल्या आठवड्यातील लक्षणांवरून काहीच अनुमान काढता येत नाही.

बीज फलित झाले, तरी ते लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. बीजवाहिनीतून खाली येऊन अस्तरात रुजण्यास त्याला बहुधा आठ ते दहा दिवस लागतात. रुजल्यावरच त्यातून एचसीजी हा स्राव मातेच्या रक्तात व मग लघवीत उतरतो. घरी करावयाची चाचणी हाच स्राव शोधते. तो पोहोचला तर पीतपिंड टिकतो; न पोहोचला तर साधारण दोन आठवड्यांत सुकतो आणि पाळी येते.

एक उदाहरण घेऊ. एका भगिनीचे बीज तीन तारखेला बाहेर पडले. गर्भ बारा तारखेला रुजला. अधीर होऊन तिने तेरा तारखेला चाचणी केली. उत्तर 'नाही' आले आणि ती रडली. वस्तुतः स्राव नुकताच झिरपू लागला होता. प्रारंभी तो दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट होतो. सतरा तारखेपर्यंत तो जवळजवळ चौपट झाला, पाळी आली नाही, आणि अठरा तारखेच्या सकाळी तीच चाचणी 'होय' म्हणाली.

दुसरा घोटाळा दिनांकाचा. बीज नेहमी चौदाव्याच दिवशी सुटते असे नाही. ते पाच दिवस उशिरा सुटले, तर पाळीही तितकीच लांबते, आणि लांबलेली पाळी म्हणजे गर्भच असा समज होतो. म्हणून पाळी चुकल्यानंतर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. उत्तर 'नाही' आले व पाळीही आली नाही, तर काही दिवसांनी, आठवड्याच्या आत, पुन्हा करावी. वंध्यत्वावरील उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतले असल्यास मात्र गर्भ नसतानाही 'होय' असे उत्तर येऊ शकते; तेथे चाचणीचा दिवस डॉक्टरांनाच विचारावा. चाचणी 'होय' असताना ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना झाल्या किंवा भोवळ आली, तर गर्भ बीजवाहिनीतच रुजलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.