पंगतीत कोण कुठे बसतो?

शीख धर्मावरचा धडा शाळेत बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन थांबतो : गुरुद्वारात लंगर असतो आणि तिथे सगळ्यांना मोफत जेवण मिळते. वाक्य खरे आहे, पण मुद्दा त्यातून निसटतो. मोफत जेवण अन्नछत्रातही मिळते. तिथे देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला, आणि दोघे आपापल्या जागा बदलत नाहीत. लंगरात जेवून उठलेला माणूस हातात बादली घेऊन वाढायला लागतो आणि ज्याने सकाळी पिठाची पोती दिली, तो त्याच चटईवर मांडी घालून बसतो. सहावी ते आठवीच्या मुलांना समतेबद्दल काही कळायचे असेल, तर धडा अन्नापासून नव्हे, बसण्यापासून सुरू करावा. त्यासाठी चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेत लंगराचे नावही काढू नये. आधी पाचशे वर्षांपूर्वी कोण कोणाबरोबर जेवत असे, हा प्रश्न ठेवावा. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार असा शब्दच आहे. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या घरचे शिजवलेले चालत नाही, यावर माणसाची जागा ठरत असे. पंक्तिभेद आणि पंक्तिप्रपंच हेही आपलेच शब्द आहेत. एकाच पंगतीत एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसताच भात पडत असे, हे मुलांना चित्रासारखे दाखवता येते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे : ‘तुमच्या घरी काय चालते?’ असे कोणत्याही मुलाला विचारू नये, आणि वर्गात उच्च-नीच जातींचे नाटक तर मुळीच बसवू नये. पंधरा मिनिटांच्या त्या खेळात ज्या मुलाच्या वाट्याला ‘खालची’ भूमिका येते, त्याच्यासाठी तो कदाचित खेळ नसतो. वर्गात एखादे शीख मूल असेल, तर त्यालाही उभे करून ‘सांग तुमच्या धर्माचे’ असे म्हणू नये. धडा शिकवणे शिक्षकाचे काम आहे.

ही पार्श्वभूमी झाली की गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्याकडे वळावे. आयुष्याच्या उत्तरार्धात ते रावीकाठी करतारपूरला राहिले. ते गाव आज पाकिस्तानात आहे. तिथे ते स्वतः शेती करत आणि त्यांच्याकडे येणारे लोक एकत्र शिजवून एकत्र जेवत. लंगर त्यांनीच शोधून काढला, असे मात्र सांगू नये. सुफी खानकाहांमध्येही लंगर चालत असे. नवे ते पुढे घडले. तिसरे गुरू अमरदास यांनी बियास नदीकाठच्या गोइंदवालला नियम केला : आधी पंगत, मग संगत. ज्याला गुरूंना भेटायचे आहे, त्याने आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. समतेवर प्रवचन ऐकून मान डोलावणे सोपे असते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याच्या शेजारी बसून घास तोंडात घालणे अवघड असते. अमरदासांनी ती अवघड गोष्ट दारातच ठेवली.

इथे सातवी-आठवीच्या वर्गात इतिहासाचा एक छोटा पण चांगला अभ्यास करून घेता येतो. बादशहा अकबर गोइंदवालला आला आणि त्यालाही पंगतीत बसावे लागले, अशी कथा आहे. मुलांना ती हमखास आवडते. पण ती शीख परंपरेत पुढे सांगितली गेलेली साखी आहे. याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवावा. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळत आणि तिथे तुपातली खीर वाढली जाई, हा उल्लेख सत्ता आणि बलवंड या दोन गायकांच्या रचनेत आहे, आणि ती रचना खुद्द ग्रंथसाहिबात आहे. दोन्हींतला कोणता पुरावा घटनेच्या जास्त जवळचा, हे मुलांना ठरवू द्यावे. बहुतेक मुले आधी अकबराच्या बाजूने हात वर करतात, कारण बादशहाचे नाव मोठे. मग हळूहळू काही जण खीरीकडे येतात. बादशहाला जमिनीवर बसवणारी गोष्ट खोटीच, असेही म्हणायची गरज नाही. ती लोकांनी का जपली, हाही इतिहासच आहे.

याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मराठी वर्गात सांगायलाच हवे. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जन यांनी ग्रंथ संकलित केला, तेव्हा गुरूंच्या रचनांबरोबर नामदेव शिंपी, कबीर विणकर, रविदास चर्मकार यांच्या रचनाही त्यात घेतल्या गेल्या. आज गुरुद्वारात कोणी माथा टेकतो, तेव्हा तो या पदांपुढेही टेकतो.

दुसरी तासिका हिशोबाची. लंगर म्हणजे चमत्कार नव्हे, हे मुलांना आकड्यांतून कळते. दोनशे माणसांचे जेवण फळ्यावर मांडावे. माणशी ५० ग्रॅम कोरडी डाळ धरली, तर १० किलो डाळ लागेल. माणशी दोन रोट्या आणि एका रोटीला ४० ग्रॅम पीठ धरले, तर १६ किलो पीठ आणि ४०० रोट्या. इथवर मुले पटापट पोहोचतात. मग विचारावे, लाटायला किती वेळ लागेल? एक जण अर्ध्या मिनिटाला एक रोटी लाटत असेल, तर चारशे रोट्यांना २०० मिनिटे, म्हणजे तीन तासांहून जास्त. पाच जण बसले तर ४० मिनिटे. भाजणारे वेगळे, लसूण सोलणारे वेगळे, दोनशे थाळ्या घासणारे वेगळे. हे सगळे पगारी माणसांकडून करून घ्यायचे ठरवले, तर खर्च किती वाढेल, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतात. उत्तर आहे सेवा, म्हणजे न सांगता आणि न मोजता केलेले काम. पैशाची बाजू दसवंध सांभाळतो, म्हणजे कमाईचा दहावा भाग समाजासाठी बाजूला काढण्याची रीत. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात रोज पन्नास हजारांहून जास्त माणसे जेवतात. दोनशेचा हिशोब केलेल्या मुलाला हा आकडा अंगावर येतो.

जेवण शाकाहारी का, हा प्रश्न याच तासिकेत येतो. धर्माच्या चर्चेत न शिरता सांगता येते : ज्या थाळीतले कोणालाच वर्ज्य नाही, अशीच थाळी सगळ्यांपुढे ठेवता येते. पंगतीत कोणासाठी वेगळे ताट काढावे लागले, तर पंगत मोडली.

गुरुद्वारात मुलांना न्यायचे असेल, तर आधी तिथल्या व्यवस्थापकांशी बोलून वेळ ठरवावी आणि मुलांना काही रीती आधीच सांगाव्यात. डोके रुमालाने झाकायचे, चप्पल बाहेर ठेवून हात-पाय धुवायचे, पानात येईल ते टाकायचे नाही, हवे असेल तर पुन्हा मागायचे. रोटी दोन्ही तळवे पुढे करून घेतात. नांदेडच्या हजूर साहिबात हे सगळे पाहता येते. जेवून झाले की मुलांना थाळ्या घासायला बसवावे. नुसते जेवून परतलेल्या मुलांना निम्माच धडा मिळतो, कारण लंगर दुसऱ्या बाजूनेही करून पाहावा लागतो. शाळेत डबे एकत्र करून जे होते, त्याला मात्र लंगर म्हणू नये, सहभोजन म्हणावे. लंगराला संगत आणि अरदास जोडलेली असते, आणि सरकारी शाळेत धर्माबद्दल शिकवायचे असते, धर्म शिकवायचा नसतो. ही रेघ शिक्षकाने सांभाळली, तर धडा कोणालाही खटकत नाही.

तिसऱ्या तासिकेचे पहिले वीस मिनिटे एका भांडणाला द्यावेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात काही गुरुद्वारांमध्ये लोक टेबल-खुर्चीवर बसून लंगर खाऊ लागले होते. थंडी, गुडघे, सवय, अशी कारणे होती. त्यावरून वाद पेटला, मारामारीपर्यंत गेला आणि १९९८ मध्ये अकाल तख्ताने हुकूमनामा काढला : लंगर जमिनीवर बसूनच घ्यायचा. वर्गात दोन गट पाडावेत. एक म्हणेल, सगळेच खुर्चीवर बसले तरी सगळे समानच. दुसरा म्हणेल, खुर्ची सगळ्यांना परवडत नाही, जमीन मात्र सगळ्यांची असते. मग तिसरा प्रश्न टाकावा : ज्या आजीला खाली बसताच येत नाही, तिचे काय? बऱ्याच गुरुद्वारांत अशांसाठी बाजूला बाक असतो. ती समता आहे की अपवाद? शिक्षकाने इथे उत्तर देण्याचा मोह टाळावा.

उरलेल्या वेळेत १२ ऑक्टोबर १९२० चा दिवस सांगावा. अमृतसरला दलित समाजातून शीख झालेले लोक कडाह प्रसाद घेऊन हरिमंदिर साहिबात आले. पुजाऱ्यांनी तो घ्यायला आणि त्यांच्यासाठी अरदास करायला नकार दिला. वाद वाढला, तेव्हा ग्रंथसाहिबालाच विचारू असे ठरले. ग्रंथ उघडला, वाचन झाले आणि त्याचा अर्थ आलेल्यांच्या बाजूचा निघाला. यातून पेटलेल्या चळवळीतून पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. पंगतीचा नियम होऊन सुमारे साडेतीनशे वर्षांनी लोक पुन्हा दारात अडवले जाऊ शकतात, हे मुलांपासून लपवू नये. पंजाबात आजही काही गावांमध्ये जातीप्रमाणे वेगळे गुरुद्वारे आहेत. हरिमंदिर साहिबात स्त्रियांना कीर्तन करू द्यावे, असा ठराव पंजाब विधानसभेने २०१९ मध्ये केला होता, म्हणजे ही मागणी करावी लागली. तत्त्व मोठे आणि वागणूक लहान, हे जगातल्या कोणत्याही धर्मात आणि आपल्याही घरात दिसते. सहावीच्या मुलाला हे पेलते. त्याला पेलत नाही, असे वाटते ते मोठ्यांनाच.

मूल्यमापनासाठी ‘लंगर म्हणजे काय ते लिहा’ असा प्रश्न देऊ नये. त्याचे उत्तर ‘मोफत जेवण’ येईल आणि गाडी पुन्हा मूळ पदावर जाईल. त्याऐवजी शाळेतल्या पोषण आहाराचे एक चित्र द्यावे : रांग, कढई, वाढणाऱ्या ताई, बसलेली मुले. यातले काय लंगरासारखे आहे आणि काय नाही, आणि का, हे दहा ओळींत लिहायला सांगावे. गुण देताना एवढेच पाहावे, की ‘का’चे उत्तर मुलाने जेवणाबद्दल लिहिले आहे, की बसणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांबद्दल.